सोन्याचा लायका आणि आतली पाचर

फोटोतला कॅमेरा बघताच डोळ्यांत भरतो. सोनेरी बॉडी, तांबूस चामडं, वर ऑलिंपिकची पाच वर्तुळं, 'बर्लिन १९३६' अशी अक्षरं आणि खाली वेटझ्लारच्या लाइट्झ कंपनीचं नाव. विक्रेता म्हणतो, दुर्मीळ लायका आहे. असे कॅमेरे जगभरच्या जुन्या बाजारांत अधूनमधून दिसतात आणि बहुतेक वेळा त्यांचा जन्म जर्मनीत नव्हे, तर सोव्हिएत संघात झालेला असतो.

यामागे खरा इतिहास आहे. लाइट्झनं १९३२ मध्ये रेंजफाइंडर जोडलेला 'लायका टू' काढला. त्याची हुबेहूब नक्कल १९३४ पासून खारकोव्हमध्ये 'फेड' या नावानं बनू लागली आणि १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये 'झोर्की' या नावानं. हे कॅमेरे लाखोंच्या संख्येनं निघाले, त्यामुळे पुढे ते स्वस्तात मिळू लागले. मग कुणीतरी वरच्या झाकणावरचं रशियन नाव घासून काढायचं, त्यावर 'लायका' कोरायचं, सोनेरी मुलामा चढवायचा आणि किंमत कित्येक पटींनी वाढवायची.

आपल्या सोनेरी कॅमेऱ्याला आधी साधा प्रश्न विचारावा: असा लायका कंपनीनं काढला होता का? सोनेरी लायका होता हे खरं. १९२९ पासून 'लक्सस' नावाचे मोजके कॅमेरे निघाले, शंभराच्याही आत. पण ते 'लायका वन'चे होते, म्हणजे त्यांना रेंजफाइंडर नव्हता. फोटोत मात्र समोर चौकोनी खिडकीच्या दोन्ही बाजूंना गोल खिडक्या दिसतात, म्हणजे रेंजफाइंडर आहे. रेंजफाइंडर असलेले 'लक्सस' इतके थोडे, की असा एखादा अडगळीतून बाहेर येण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. ऑलिंपिकची वर्तुळं तर हौशी कारागिराचीच. जर्मन हवाई दलाच्या नावानं गरुड आणि स्वस्तिक कोरलेल्या कॅमेऱ्यांचंही तेच. हवाई दलाला लायका पुरवले गेले होते, पण त्यांच्यावर मालकी सांगणारा साधा मजकूर असे, भपकेबाज चित्रं नव्हेत. माझा अनुभव असा की नक्षी जितकी जास्त, तितका कॅमेरा रशियन.

एवढ्यावर विक्रेत्याला खोटं ठरवणं घाईचं होईल. म्हणून त्याच्याकडे एकच फोटो मागावा: लेन्स काढून, समोरून, तोंडाच्या आतला. आत वरच्या बाजूला एक छोटी दांडी दिसते. लेन्स पुढे-मागे झाली की ही दांडी ढकलली जाते आणि अंतर रेंजफाइंडरपर्यंत पोहोचतं. खऱ्या लायकात तिच्या टोकाला फिरणारं बारीक चाक असतं. फेड आणि झोर्कीत तिथे धातूची सलग पाचर असते. नाव, रंग, चामडं सगळं बदलणारे इथे सहसा हात घालत नाहीत, कारण ते बाहेरून दिसत नाही. पाचर दिसली की प्रकरण मिटलं. विक्रेता हा फोटो द्यायला टाळाटाळ करू लागला, तर त्यातूनही बरंच कळतं.

झाकणाचा फोटो तिरप्या उजेडात मागवावा. जुनी अक्षरं घासलेल्या जागी धातू किंचित खोलगट होतो आणि तिथलं प्रतिबिंब लाटेसारखं वाकतं. अक्षरांच्या कडा, त्यांची खोली आणि 'लायका'च्या वळणदार अक्षरांचा डौल खऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोशेजारी ठेवून पाहावा. नकलेत ओळ थोडी वाकडी असते किंवा रेघा असमान जाडीच्या असतात.

क्रमांकाचं काम मात्र नाजूक आहे. लाइट्झचे क्रमांक सालवार ठाऊक आहेत: १९३०च्या आसपास चाळीस हजार, १९३६ला दोन लाखांच्या जवळपास, चार लाखांच्या पुढचे युद्धानंतरचे. बर्लिन १९३६ लिहिलेल्या कॅमेऱ्यावर साडेचार लाखांचा आकडा असेल, तर कारागिरानं यादी पाहिलेली नाही. पण उलट चूकही होते. चाळीस हजारांचा क्रमांक आणि रेंजफाइंडर असलेली बॉडी पाहून 'सुटे भाग बदललेत' असं म्हणावंसं वाटतं. प्रत्यक्षात लाइट्झ स्वतःच गिऱ्हाइकाचा जुना 'लायका वन' घेऊन त्याला रेंजफाइंडर बसवून देत असे आणि क्रमांक जुनाच राहत असे. असा कॅमेरा अस्सलच. इथेही निकाल तोंडाच्या आतल्या चाकावरच लागतो.

रंगाचा प्रश्न बहुधा पन्नाशीच्या दशकातल्या 'एम थ्री'बाबत येतो. बहुतेक 'एम थ्री' क्रोमचे, काळे थोडे आणि म्हणून महाग. मूळचा काळा रंग थेट पितळेवर बसलेला असतो, त्यामुळे कोपरे झिजले की पिवळं पितळ दिसतं. झिजलेल्या कडेला चांदीसारखी चमक आली, तर क्रोमवर काळा हात फिरवलेला आहे. पण कुणी आधी क्रोम उतरवून मग रंगवला असेल, तर पितळच दिसेल. अशा वेळी रंगानं बुजलेली अक्षरं आणि झीज कुठे आहे ते बघावं. बोटं जिथे लागतात, पट्टा जिथे घासतो, तिथे रंग शाबूत आणि भलतीकडेच उडालेला असेल, तर ती झीज वापराची नाही, सँडपेपरची आहे.