बारा लाखांच्या वरचे एकवीस हजार

जुलै महिन्यात आमच्या कार्यालयात रिटर्न भरायला येणाऱ्या पगारदारांपैकी अनेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘बारा लाखांपर्यंत कर नाही ना?’ हे वाक्य खरं आहे, पण ते ज्या आकड्याबद्दल आहे तो आकडा पगाराचा नसतो. तो सगळ्या उत्पन्नांची बेरीज करून आणि मिळतील त्या वजावटी काढून उरलेल्या एकूण उत्पन्नाचा असतो. हा फरक हजारो रुपयांचा कसा होतो, हे एका शिक्षकाच्या कागदांवरून सांगते.

सर तालुक्याच्या गावच्या माध्यमिक शाळेत आहेत. आर्थिक वर्ष 2025-26 चा त्यांचा फॉर्म 16 सोळा आणे बरोबर होता. एकूण पगार 12,68,400 रुपये. नव्या करप्रणालीत पगारदारांना मिळणारी 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट काढली की उरतात 11,93,400. ही रक्कम बारा लाखांच्या आत असल्याने शाळेने त्यांच्या पगारातून कर कापलाच नाही, आणि तो कापायला नको हेही बरोबरच होतं.

‘मॅडम, शून्य कर आहे, फक्त रिटर्न भरायचं,’ सर म्हणाले.

मी त्यांचं एआयएस उघडलं. आयकर खात्याकडे बँका, पोस्ट, म्युच्युअल फंड यांच्याकडून आलेली माहिती या विवरणात एकत्र दिसते. त्यात बचत खात्याचं व्याज 4,310 रुपये आणि मुदत ठेवींचं व्याज 23,870 रुपये होतं. मुदत ठेवीचं व्याज वर्षाला 50,000 रुपयांच्या आत असल्याने बँकेनेही कर कापलेला नव्हता. ‘बँकेनं टीडीएस कापला नाही म्हणजे ते व्याज करमुक्तच ना?’ हा सरांचा पुढचा प्रश्न. तसं नाही. टीडीएसची मर्यादा ही बँकेने कर कापायचा की नाही यासाठी असते, करपात्रतेशी तिचा संबंध नाही. बचत खात्याच्या व्याजावर जुन्या प्रणालीत 10,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती नव्या प्रणालीत नाही. म्हणजे 28,180 रुपये पूर्णच्या पूर्ण मिळवायचे.

11,93,400 अधिक 28,180 म्हणजे 12,21,580. सर मर्यादेच्या 21,580 रुपये वर गेले होते.

इथे रिबेट म्हणजे नेमकं काय ते पाहायला हवं. बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करातून वगळलेलं नाही. कर टप्प्याटप्प्याने मोजलाच जातो: पहिल्या चार लाखांवर काही नाही, चार ते आठ लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, आठ ते बारा लाखांवर 10 टक्के म्हणजे 40,000. बारा लाखांवर असा 60,000 रुपये कर होतो, आणि कलम 87ए तेवढाच रिबेट देऊन तो पुसून टाकतं. ही सवलत एकूण उत्पन्न बारा लाखांपर्यंत असलेल्या निवासी व्यक्तीसाठीच आहे. मर्यादा ओलांडली की रिबेट मुळात उरतच नाही. म्हणजे एक पायरी चढली आणि साठ हजारांचा खड्डा समोर आला, अशी स्थिती व्हायला हवी.

तो खड्डा बुजवण्यासाठी मार्जिनल रिलीफ आहे. 2023 मध्ये नव्या प्रणालीत रिबेटची मर्यादा सात लाख झाली, तेव्हा हाच प्रश्न पुढे आला. सात लाखांवर कर शून्य आणि 7,00,100 वर मात्र 25,010 रुपये. वित्त विधेयक संसदेत मंजूर होताना त्यात दुरुस्ती झाली आणि मर्यादेच्या किंचित वर गेलेल्यांना दिलासा मिळाला. मर्यादा बारा लाख झाल्यावरही तोच नियम चालू राहिला: मर्यादेच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर नाही.

सरांच्या आकड्यांवर तो असा चालतो. टप्प्यांप्रमाणे बारा लाखांवर 60,000 आणि वरच्या 21,580 वर 15 टक्क्यांनी 3,237, मिळून 63,237 रुपये कर. पण मर्यादेच्या वरचं उत्पन्न फक्त 21,580. म्हणून दोन्हींतला फरक, 41,657 रुपये, माफ होतो आणि कर 21,580 राहतो. रिटर्नच्या पडद्यावर मार्जिनल रिलीफची वेगळी ओळ शोधू नका. ही रक्कम `Rebate u/s 87A` या ओळीतच येते. तिथे शून्य दिसलं, किंवा साठ हजार दिसले, तर अशा उत्पन्नाच्या माणसाने थांबून पुन्हा बेरीज तपासावी.

सर म्हणाले, ‘म्हणजे बँकेनं दिलेलं जवळजवळ सगळंच गेलं.’

हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं, पण अजून एक ओळ बाकी होती. आरोग्य आणि शिक्षण उपकर 4 टक्के. तो रिलीफनंतर उरलेल्या करावर लागतो, आणि रिलीफ मोजताना तो हिशेबात धरलेला नसतो. 21,580 वर 863 रुपये, म्हणजे एकूण 22,443. मर्यादेच्या वर मिळालेले सगळे 21,580 रुपये सरकारजमा झाले, आणि वर 863 रुपये खिशातून गेले. व्याज 21,580 रुपयांनी कमी मिळालं असतं आणि एकूण उत्पन्न नेमकं बारा लाख असतं, तर सरांच्या हातात 863 रुपये जास्त राहिले असते.

मार्जिनल रिलीफबद्दल लोकांना समजत नाही ते हेच. त्यामुळे साठ हजारांचा फटका टळतो, हे खरं. पण या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया करात जातो आणि त्यावर चार पैसे आणखी जातात. एकूण उत्पन्न 12,50,000 असलेल्याला कर आणि उपकर मिळून 52,000 भरावे लागतात आणि हातात 11,98,000 उरतात. 12,70,000 वाल्याच्या हातात 11,97,200. रिलीफ 12,70,588 च्या आसपास संपतो, कारण तिथे टप्प्यांचा कर आणि मर्यादेवरचं उत्पन्न सारखं होतं. पुढे पंधरा टक्क्यांनी नेहमीचा कर सुरू होतो. 12,75,000 वर 74,100 रुपये भरून हातात 12,00,900 उरतात. म्हणजे करपात्र उत्पन्न पाऊण लाखाने वाढलं तेव्हा कुठे माणूस बारा लाखवाल्याच्या नऊशे रुपये पुढे गेला.

सरांच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ भरावा लागतो. साठ वर्षांच्या पुढच्या, व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना यातून सूट आहे, सरांना ती नव्हती. पगारावर कर नाही, बँकेनं कापला नाही, म्हणून त्यांनीही काही भरलं नव्हतं. जुलैत रिटर्न भरताना कलम 234बी आणि 234सी खालचं व्याज मिळून सुमारे दोन हजार रुपये आणखी झाले. हे मात्र टाळता आलं असतं. व्याजाच्या उत्पन्नाची माहिती नोकरीच्या ठिकाणी लेखी दिली की तिथल्या टीडीएसमध्येच ते धरलं जातं, आणि मग आगाऊ कराचा प्रश्न उरत नाही.

‘आता पीपीएफमध्ये पैसे टाकले तर?’ हा प्रश्न दरवर्षी येतो, बहुतेक वेळा 31 मार्च उलटून गेल्यावर. नव्या प्रणालीत पीपीएफ, विमा हप्ता, मुलांची शाळेची फी यांवरची कलम 80सी ची वजावट मिळत नाही, त्यामुळे मार्चच्या आधी टाकले असते तरी त्या वर्षाचं उत्पन्न कमी झालं नसतं. उपयोग आहे तो वेगळा: पीपीएफचं व्याज करमुक्त असल्याने मुदत ठेवीऐवजी तिथे ठेवलेल्या पैशांचं व्याज पुढच्या वर्षांत मर्यादेच्या हिशेबात येत नाही. नव्या प्रणालीत मालकाच्या एनपीएस हिश्श्याची वजावट मात्र चालते, त्यामुळे तो लागू असेल तर फॉर्म 16 मध्ये वजा झाला आहे का हे नक्की पाहावं.

काहीजण याहून सोपा मार्ग सुचवतात, ‘बचत खात्याचं व्याज दाखवूच नका.’ तो मार्ग मी कुणालाही सुचवत नाही. एआयएसमध्ये असलेली रक्कम रिटर्नमध्ये नसेल तर ती तफावत खात्याला दिसते, आणि नंतर कर, व्याज आणि पत्रव्यवहार असं सगळं मागे लागतं.

आणखी दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं शेअर्सचं. शेअर्सवरचा भांडवली नफा बारा लाखांची मर्यादा मोजताना धरला जातो, पण त्यावरच्या खास दराच्या कराला नव्या प्रणालीत रिबेट नाही. पगाराचं करपात्र उत्पन्न 11,70,000 आणि शेअर्सचा अल्पकालीन नफा 20,000 असेल तर माणूस मर्यादेच्या आत आहे. पगारावरचा कर माफ होतो, पण नफ्यावर 20 टक्क्यांनी 4,000 आणि उपकर 160 भरावाच लागतो. दुसरं परदेशातल्या मुलांचं. रिबेट निवासी व्यक्तीलाच आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या अनिवासी मुलाचं भारतात घरभाड्याचं करपात्र उत्पन्न पाच लाख असेल, तर पुण्यातल्या वडिलांना तेवढ्यावर शून्य कर आणि मुलाला 5,200 रुपये.

जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांनी आणखी जपावं. तिथे रिबेटची मर्यादा पाच लाख आहे आणि मार्जिनल रिलीफ अजिबात नाही. एकूण उत्पन्न जवळच्या दहाच्या पटीत धरलं जातं. त्यामुळे 5,00,004 रुपये हे पाच लाखच मानले जातात, पण 5,00,005 झाले की ते 5,00,010 होतात आणि 13,000 रुपये कर लागतो. गृहकर्ज, घरभाडे आणि 80सी मिळून मोठ्या वजावटींनी पाच लाखांवर येणाऱ्यांना शेवटचे दहा रुपयेही मोजून पाहावे लागतात.

रिलीफनंतर उरलेल्या करावर उपकर लावताना मर्यादेवरच्या उत्पन्नापेक्षा जास्त रक्कम जाणार नाही, एवढी तरतूद कायद्यात व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या दिलाशाचा हेतू ‘जास्त कमावलं म्हणून हातात कमी उरू नये’ हा आहे, तो चार टक्क्यांसाठी अपुरा ठेवण्यात अर्थ नाही. ते होईपर्यंत एक काम तुमच्या हातात आहे. पगार बारा-पावणेतेरा लाखांच्या आसपास असेल तर फेब्रुवारीतच बँकेची व्याजाची प्रमाणपत्रं आणि शेअर्सचा हिशेब काढा, पगारात मिळवा, आणि मर्यादा ओलांडत असाल तर 15 मार्चच्या आत आगाऊ कर भरून टाका.