अठरा दिवसांचं काम अठरा दिवसांत का होत नाही

एका लहान तेलघाण्याची उभारणी करायची आहे, असं धरू. गवंडी म्हणतो, पायाला साधारण सहा दिवस लागतील. फॅब्रिकेटर म्हणतो, पत्र्याची शेड सात दिवसांत उभी राहील. यंत्र बसवून चाचणी घेणारा मिस्त्री पाच दिवस मागतो. मालक बेरीज करतो, अठरा दिवस, आणि त्याच हिशेबानं उद्घाटनाची तारीख ठरवतो. तिघांनीही प्रामाणिकपणे सांगितलं आहे. तरीही अठरा दिवसांत हे काम पुरं होण्याची शक्यता चारात एक एवढीच आहे. हे कसं, ते दाखवणारी पद्धत म्हणजे पर्ट. अभियांत्रिकी आणि मॅनेजमेंटच्या परीक्षेत तिच्यावरचं गणित हमखास येतं.

पर्टचा जन्म १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात झाला. पाण्याखालच्या पाणबुडीतून डागायचं असं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र अमेरिकेनं तोवर बनवलेलं नव्हतं. त्यामुळे ‘या कामाला किती दिवस?’ या प्रश्नाला मागच्या अनुभवाचा आधार नव्हता. तेव्हा एका आकड्याऐवजी तीन आकडे विचारायचं ठरलं. सगळं सुरळीत पार पडलं तर लागणारा आशावादी काळ a, बहुतेक वेळा लागेल असा संभाव्य काळ m, आणि सगळं बिनसलं तर लागणारा निराशावादी काळ b.

घाण्याच्या उभारणीत पाच कामं आहेत. पाया (क) झाला की शेड (ख) सुरू होते. त्याच वेळी दुसरीकडे यंत्राची ऑर्डर आणि कागदपत्रं (ग) होतात, आणि ती झाल्यावर यंत्र बनून पोहोचायची वाट (घ) पाहावी लागते. शेड उभी राहून यंत्रही आलं, की मगच बसवणी आणि चाचणी (च). दिवसांत सांगितलेले a, m, b असे:

```
क  पाया          ३   ६   ९
ख  शेड           ४   ७  १६
ग  ऑर्डर         २   ५   ८
घ  यंत्र येणं      २   ५  २०
च  बसवणी-चाचणी   २   ५  १४
```

शेड, यंत्राचं येणं आणि बसवणी यांच्याकडे नीट पाहा. शेडचं काम लवकर उरकलं तर फार तर तीन दिवस वाचतात, पण लांबलं तर नऊ दिवस वाढतात. कामांचा स्वभावच असा असतो. घाई करून थोडंच वाचवता येतं, उशीर मात्र कितीही होऊ शकतो. म्हणून m हा आकडा सरासरी नसतो. सरासरी त्याच्या पुढे सरकलेली असते, आणि ती काढायची सूत्रं अशी:

```
te = (a + 4m + b) / 6
σ  = (b − a) / 6
```

te म्हणजे अपेक्षित कालावधी आणि σ म्हणजे प्रमाण विचलन. कामाचा काळ बीटा वितरणाप्रमाणे पसरतो असं मानून केलेली ही सोयीची अंदाजसूत्रं आहेत. मधल्या आकड्याला चौपट वजन मिळतं, आणि a पासून b पर्यंतचा सगळा पसारा सहा प्रमाण विचलनांचा धरला जातो.

शेडसाठी ४ + २८ + १६ = ४८, भागिले ६ म्हणजे ८ दिवस. विचलन १२ भागिले ६, म्हणजे २. याच रीतीनं पाया ६ दिवस आणि विचलन १. ऑर्डर ५ आणि १. यंत्राचं येणं ७ आणि ३. बसवणी ६ आणि २.

आता मार्ग तपासू. क-ख-च या मार्गाला ६ + ८ + ६ = २० दिवस लागतात, ग-घ-च या मार्गाला ५ + ७ + ६ = १८. लांब मार्ग हाच क्रिटिकल पाथ, म्हणून प्रकल्पाचा अपेक्षित कालावधी २० दिवस. मार्गांची लांबी te वरूनच मोजायची, m वरून नाही. काही गणितांत एवढ्या फरकानं क्रिटिकल पाथच बदलतो.

प्रकल्पाचं विचलन काढताना सर्वांत जास्त गुण जातात. विद्यार्थी विचलनांची थेट बेरीज करतात, १ + २ + २ = ५, आणि तिथेच चुकतात. बेरीज वर्गांची, म्हणजे प्रचरणाची करायची: १ + ४ + ४ = ९. मग वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे ३ दिवस. यामागचं कारण समजून घेतलं की सूत्र विसरत नाही. कामं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर तिन्ही एकाच वेळी लांबणं दुर्मिळ असतं. एकाचा उशीर दुसऱ्याच्या लवकर संपण्यानं थोडाफार भरून निघतो, म्हणून एकूण अनिश्चितता साध्या बेरजेपेक्षा कमी होते. क्रिटिकल पाथवर नसलेल्या कामांचं प्रचरण या बेरजेत घ्यायचं नाही, हेही विसरू नये.

पुढचा ठरलेला प्रश्न असतो: २३ दिवसांत काम पुरं होण्याची संभाव्यता किती? एकूण काळ सामान्य वितरणाप्रमाणे पसरतो असं मानून Z काढायचा. दिलेल्या मुदतीतून अपेक्षित कालावधी वजा करायचा आणि विचलनानं भागायचं: (२३ − २०) / ३ = १. कोष्टकात Z = १ समोर ०.८४१३ मिळतं, म्हणजे सुमारे ८४ टक्के. आता मालकाचे १८ दिवस घ्या. (१८ − २०) / ३ = −०.६७, संभाव्यता सुमारे २५ टक्के. Z ऋण असेल तर उत्तर ५० टक्क्यांच्या खालीच यायला हवं. ते ७५ आलं, तर कोष्टकातला आकडा एकातून वजा करायचा राहिला आहे. प्रश्न उलटाही येतो: ९५ टक्के खात्री हवी तर किती दिवस मागावेत? Z = १.६४५, म्हणून २० + १.६४५ × ३ = २४.९, म्हणजे २५ दिवस.

परीक्षेचं उत्तर इथे संपतं. खऱ्या कामात मात्र दोन गृहीतकं तपासावी लागतात. पहिलं, कामांच्या स्वतंत्रपणाचं. पावसानं पाया लांबला तर तोच पाऊस शेडही लांबवतो. ही दोन कामं पूर्णपणे एकत्र हलतात असं धरलं तर त्यांचं मिळून विचलन १ + २ = ३, प्रचरण ९. त्यात बसवणीचे ४ मिळवून १३, आणि वर्गमूळ ३.६. मग २३ दिवसांची संभाव्यता ८४ वरून सुमारे ८० टक्क्यांवर येते.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ग-घ-च मार्ग सरासरीनं दोन दिवस आखूड आहे, पण त्याचं प्रचरण १ + ९ + ४ = १४, म्हणजे विचलन ३.७४. तो २३ दिवसांत संपण्याची शक्यता सुमारे ९१ टक्के. म्हणजे अकरात एकदा तो एकटाच मुदत मोडू शकतो. पर्टच्या सूत्रानं याची दखलच घेतलेली नसते. काम वेळेत व्हायला दोन्ही मार्ग वेळेत संपावे लागतात, म्हणून खरी शक्यता ८४ पेक्षा कमी, ७६ ते ८४ च्या मधे कुठेतरी असते. पर्टच्या मूळ लेखकांपैकी चार्ल्स क्लार्क यांनी १९६१ साली अशा एकत्र येणाऱ्या मार्गांचा हिशेब मांडला. त्या रीतीनं पाहिलं तर बसवणी सुरू व्हायचा अपेक्षित दिवस १४ वरून १४.७ च्या आसपास जातो, आणि सगळं काम २० ऐवजी जवळपास २१ दिवसांवर. त्यामुळे मालकानं शेडवर लक्ष ठेवावंच, पण ‘यंत्र येणं’ या ओळीतल्या २ आणि २० या आकड्यांमधलं अंतर कमी करायला पुरवठादाराशी आधीच बोलावं, जरी ते काम क्रिटिकल पाथवर दिसत नसलं तरी.