सांगली दहा वर्षांत दुप्पट? थांबा, आधी हद्द बघा!

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला वाटलं, आपल्याला पहिल्या पानाची बातमी मिळाली. 1991 च्या जनगणनेत सांगली शहराची लोकसंख्या होती सुमारे 1 लाख 93 हजार. 2001 मध्ये तोच आकडा 4 लाख 36 हजार 781. मोबाइलवर हिशेब केला, तर वाढ निघाली 126 टक्के! हेडिंगही डोक्यात तयार होतं. कॉपी घेऊन डेस्कवर गेले. सरांनी आकड्यांवर एक नजर टाकली आणि एवढंच विचारलं, ‘‘दोन्ही वेळची सांगली एकच आहे का?’’

नव्हती. 9 फेब्रुवारी 1998 ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. म्हणजे 1991 चा माझा आकडा एकट्या सांगली नगरपालिकेचा होता आणि 2001 चा तीन शहरांचा. लोक वाढले होते, पण त्याहून जास्त नकाशा वाढला होता. माझी ‘ब्रेकिंग न्यूज’ तिथेच संपली. मग सरांनी सांगितलं, ‘‘आता नीट काढून आण.’’ तोच हिशेब इथे देतेय. तुमच्या गावासाठीही तो तसाच चालेल.

टक्का काढायचा कसा?

आधी एकच हद्द असलेली दोन वर्षं घ्यायची. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेसाठी ती 2001 आणि 2011. 2001 मध्ये 4,36,781 लोक होते, 2011 मध्ये 5,02,793. फरक 66,012 चा. याला जुन्या आकड्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर येतं 15.1 टक्के. घाईत बरेच जण नव्या आकड्याने भागतात, मग 13.1 येतं. वाढ ‘कशावर’ झाली हे विचारलं, की ही चूक होत नाही. वाढ नेहमी आधी होतं त्यावर होते.

साताऱ्याचंही असंच काढून बघितलं. नगरपालिका हद्दीत 2001 मध्ये साधारण 1 लाख 8 हजार लोक, 2011 मध्ये 1 लाख 20 हजार. वाढ सुमारे 11 टक्के. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची वाढ जवळपास 16 टक्के होती. मग सातारा थांबलाय का? साताऱ्यात राहणारा कुणीही यावर हसेल. नवीन घरं, अपार्टमेंट उठत होती ती शाहूपुरी, विलासपूरकडे, आणि हा भाग तेव्हा नगरपालिकेच्या हद्दीबाहेर होता. तिथे राहणारा माणूस पत्त्यात ‘सातारा’च लिहायचा, पण जनगणनेत ग्रामपंचायतीत मोजला जायचा. सांगलीत हद्दीने आकडा फुगवला, साताऱ्यात त्याच हद्दीने तो दाबला.

पुढचा अंदाज

2021 ची जनगणना झालीच नाही. आता नव्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027. आधीची होती 1 मार्च 2011. म्हणजे मध्ये दहा नाही, बरोबर सोळा वर्षं. ‘पुढच्या दशकाचा अंदाज’ काढताना हे विसरलं, की सगळंच चुकतं.

सांगली महापालिकेसाठी पहिली रीत सरळ बेरजेची. दहा वर्षांत 66,012 म्हणजे वर्षाला साधारण 6,600 माणसं. सोळा वर्षांचे झाले 1 लाख 5 हजार 600. 2011 च्या आकड्यात ते मिळवले, की 2027 चा अंदाज येतो 6 लाख 8 हजार.

दुसरी रीत चक्रवाढीची, बँकेतल्या व्याजासारखी. इथे माणसं नाही, टक्का कायम धरायचा. दहा वर्षांत लोकसंख्या 1.1511 पट झाली. सोळा वर्षं म्हणजे 1.6 दशकं. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला, की घात काढायचं बटण दिसतं. त्यात हे टाका:

5,02,793 × 1.1511^1.6

उत्तर येतं साधारण 6 लाख 30 हजार.

पण टक्का कायम राहील कशावरून? सांगली-मिरज नागरी समूहाचे आकडे पाहिले, तर 1991 ला सुमारे 3.64 लाख, 2001 ला 4.48 लाख आणि 2011 ला 5.14 लाख. वाढ आधी 23 टक्के, मग 15 टक्के. वेग कमी होतोय. तो असाच उतरत दशकाला 10 टक्क्यांवर आला असं धरलं, तर वरच्या सूत्रात 1.1511 च्या जागी 1.10 टाकायचं. महापालिकेचा अंदाज येतो साधारण 5 लाख 86 हजार.

शहर तेच, सुरुवातीचा आकडा तोच. तरी उत्तरं तीन: 5.86, 6.08 आणि 6.30 लाख. म्हणून अंदाज छापताना एक आकडा नाही, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहायचं आणि काय धरून काढलं तेही सांगायचं. हे मी आता शिकले.

फरक कुणाला पडतो?

आधी वाटलं, नगरसेवकांना पडत असेल. नियम असा: तीन लाख लोकसंख्येला 65 नगरसेवक, पुढे सहा लाखांपर्यंत दर 15 हजारांना आणि त्यापुढे दर 20 हजारांना एक वाढतो. 5,02,793 मधून तीन लाख वजा करून 15 हजारांनी भागा. तेरा पूर्ण येतात. 65 अधिक 13, झाले 78. सांगली महापालिकेची 2018 ची निवडणूक बरोबर 78 जागांसाठी झाली होती. 2027 च्या तिन्ही अंदाजांत मात्र जागा 84 ते 86 मध्येच येतात. इथे फारसं काही बिघडत नाही.

बिघडतं ते पाण्यात. शहरी पाणीयोजनेत माणशी रोज 135 लिटर धरतात. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंदाजात फरक आहे 44 हजार लोकांचा. म्हणजे रोज 59 लाख लिटर, दहा हजार लिटरचे जवळजवळ 600 टँकर! योजना तर साधारण तीस वर्षांसाठी आखतात. अंदाज कमी धरला तर टाकीच्या टोकाला असलेल्या कॉलनीत नळ सुकतो. जास्त धरला तर न लागणाऱ्या पाइपचा आणि पंपाचा खर्च घरपट्टी, पाणीपट्टीतून आपणच भरतो.

2027 नंतरचं हेडिंग

आता गंमत बघा. 2020 मध्ये सातारा नगरपालिकेची हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूर आत आले. त्यामुळे नवे आकडे आले, की 11 टक्क्यांनी वाढणारा सातारा अचानक उडी मारताना दिसेल आणि ‘सातारा सुसाट’ असं हेडिंग कुणीतरी नक्की करेल. खरी वाढ काढायची असेल, तर हद्दीत आलेल्या भागांची 2011 ची लोकसंख्या आधी जुन्या साताऱ्यात मिळवावी लागेल. जिल्हा जनगणना पुस्तिकेत ती गावनिहाय दिलेली असते. एखादं गाव अर्धंच आत आलं असेल, तर पूर्ण गाव मिळवून चालणार नाही, तेवढाच भाग शोधावा लागेल. काम किचकट आहे, पण त्याशिवाय टक्का खोटा.

तेव्हा मी कुठल्या डेस्कवर असेन माहीत नाही. पण ते हेडिंग समोर आलं, तर सरांचाच प्रश्न विचारणार: दोन्ही वेळचा सातारा एकच आहे का?