पाण्याचा नेम आणि झाडाची तहान

प्रश्न : कुंड्यांतील तुळस व कोरफड यांना मी रोज सकाळी एकेक तांब्या पाणी नेमाने घालतो. तरीही पावसाळ्यात कोरफड बुडाशी कुजली, आणि वैशाखात तुळस दुपारी मान टाकते. असे का व्हावे?

उत्तर : झाडाचा पाण्याचा खर्च ऊन, वारा, हवेतील ओलावा व पानांचा विस्तार यांनुसार रोज बदलतो. तुळशीच्या पातळ पानांतून दिवसभर बाष्पोच्छ्वास चालतो. कोरफडीची त्वग्‌रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून तिचा खर्च अल्प. सदैव भिजलेल्या मातीत हवा उरत नाही, मुळे गुदमरतात आणि पाणी शोषू शकत नाहीत. असे झाड तहानलेल्यासारखेच मलूल दिसते, आणि आपण आणखी पाणी ओततो!

म्हणून प्रथम मातीत बोट खुपसून पाहावे. तुळशीची माती पेरभर कोरडी लागली, तर बुडाच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत घालावे. ओली लागली, तर थांबावे. कोरफडीची कुंडी मात्र पुरती वाळू द्यावी. उचलताच तिचा हलकेपणा कळतो. दुपारी मलूल झालेली तुळस सायंकाळी सावरली, तर तो उन्हाचा तात्पुरता ताण होय. पहाटेही ती तशीच असून माती ओली असेल, तर दोष मुळांत शोधावा.