तीनच्या आत लपलेला सहाशे

समजा, पुण्यातल्या एका सोसायटीने बससेवेसाठी दहा जणांना विचारलं, ऑफिसला पोचायला किती मिनिटं लागतात? उत्तरं आली ३०, ३५, ४०, ४०, ४५, ४५, ५०, ५५, ६० आणि ६००. सरासरी निघते १०० मिनिटं. दहापैकी नऊ जण तासाभरात पोचतात, तरी कागदावर सगळी सोसायटी जवळजवळ पावणेदोन तास रस्त्यावर!

सहाशेवाला आकडा डोळ्यांनाही खटकतो. पण उत्तरं हजार असली की असा आकडा नियमानेच हुडकावा लागतो. सर्वांत प्रचलित नियम झेड-स्कोरचा. आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचं, त्याला प्रमाण विचलनाने भागायचं आणि उत्तर तीनच्या वर गेलं तर खूण करायची. इथे अंतर ५००, प्रमाण विचलन सुमारे १७६, म्हणून झेड-स्कोर २.८४. म्हणजे सहाशे सहीसलामत सुटला.

याचं कारण असं, की त्या एकट्या आकड्याने सरासरी तर वर ओढलीच, शिवाय प्रमाण विचलनही फुगवलं. चोरानेच पोलिसाची शिट्टी पळवावी, तसा हा प्रकार. सहाशेच्या जागी सहा हजार लिहिले तरी फरक पडत नाही: दहा उत्तरांत या पद्धतीने झेड-स्कोर २.८५ च्या पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे छोट्या सर्वेक्षणात तीनची अट लावणं व्यर्थ आहे.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी रूढ केलेला चतुर्थकांचा नियम असा फसत नाही. उत्तरं चढत्या क्रमाने लावून खालच्या पाचांतलं मधलं घ्या, ४०. वरच्या पाचांतलं मधलं, ५५. फरक १५, त्याची दीडपट साडेबावीस. ती ४० मधून वजा करून आणि ५५ मध्ये मिळवून हद्द ठरते १७.५ ते ७७.५. सहाशे बाहेर पडतो, कारण टोकाचा आकडा कितीही मोठा असला तरी ही मधली उत्तरं जागची हलत नाहीत.

खूण केली म्हणजे आकडा खोडला, असं मात्र नाही. विचारल्यावर ‘अहो, साठ लिहायचे होते’ असं कळलं तर दुरुस्त करा. सरासरी ४६ होईल. पण सहाशेच्या जागी ११० असते, तर तेही हद्दीबाहेर गेले असते, आणि कोथरूडहून रांजणगावच्या कारखान्यात जाणाऱ्याला तेवढी मिनिटं खरंच लागू शकतात. बसची सर्वाधिक गरज त्यालाच, त्याला वगळून कसं चालेल?

‘एक ते पाच गुण द्या’ अशा प्रश्नांत तर हा नियम जपून वापरावा. बहुतेकांनी चार दिले, तर दोन्ही चतुर्थक चारवरच येतात, फरक शून्य होतो आणि तीन किंवा पाच देणारा प्रत्येक जण संशयित ठरतो. तिथे सरासरीपेक्षा कोणी किती गुण दिले याचा साधा तक्ताच छापलेला बरा.