बस चुकली की चुकवली?

माळा आवरताना कॉलेजच्या दिवसांतली एक वही सापडली. तालुक्याच्या गावातलं कॉलेज, सगळी पोरं एसटीच्या पासावर येणारी. त्या वहीत भौतिकशास्त्राच्या टिपणांमागे ही कविता होती:

तुझ्या मृगनयनांत हरवलो मी,
हृदयाच्या सतारीची तार तुटली,
सांग ना गं प्रिये, का अबोल तू,
माझ्या प्रेमाची बस आज सुटली.

हसू आलं. सतार मी आजवर हातात धरलेली नाही. आणि जिला इथे ‘गं प्रिये’ म्हटलंय, तिच्याशी प्रत्यक्षात जे चार शब्द बोललो असेन, ते ‘तुम्ही’ म्हणूनच. तेव्हा आमच्याकडे वर्गातल्या मुलींना ‘अहो’च म्हणत. मराठीत एकतर्फी प्रेमाची कविता लिहायला बसलं की पहिला प्रश्न सर्वनामाचा येतो. ‘तू’ लिहिलं की बोलणं झालंच, मग न बोललेल्या शब्दांची कविता उरत नाही. ‘तुम्ही’ लिहिलं तर अर्ज वाटतो. राहते ‘ती’. तिच्याविषयी बोलायचं, पण तिला ऐकू न जाता. एवढा एक शब्द बदलला तरी जुन्या कवितेतल्या निम्म्या ओळी आपोआप गळतात.

निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून ती कविता पुन्हा लिहायला घेतली. जुन्या ओळींत खरी वस्तू एकच होती, ती म्हणजे बस. तिलाही मी ‘प्रेमाची’ म्हणून वाया घालवलं होतं. प्रेमाच्या बसला ना फलाट असतो ना वेळ. खऱ्या बसला दोन्ही असतात. माझी गाडी पाच-वीसची, तिची सहा-दहाची. मधल्या पन्नास मिनिटांसाठी मी माझी गाडी सोडायचो. घरी सांगायचो, ‘बस चुकली.’

इथे मराठी आपल्याला एक फार कामाची गोष्ट देते. ‘चुकणं’ हे आपसूक घडतं, ‘चुकवणं’ हे कुणीतरी करतं. मधल्या एका ‘व’मध्ये सगळं गुपित आहे. बस चुकली म्हणणारा मुलगा बिचारा, बस चुकवली म्हणणारा प्रेमात पडलेला. कवितेने कोणता शब्द वापरावा? मी बरेच दिवस ‘चुकवली’ लिहीत होतो, पण तो कबुलीजबाब होतो, वाचकाला करायला काही उरत नाही. शेवटी दोन्ही शब्द काढले आणि फक्त वेळा ठेवल्या:

पाच-विसाची माझी गाडी
आली, भरली, निघून गेली.
सहा-दहाची तिची यायची,
घाई मी तर नाही केली.

चाल कानाला ओळखीची वाटली असेल. हे पादाकुलक आहे: ओळीत सोळा मात्रा आणि आठांनंतर श्वास. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ‘पाच-विसाची’ मोजून बघा: पा दोन, च एक, वि एक, सा दोन, ची दोन. आठ. ‘माझी गाडी’, चार दीर्घ अक्षरं, पुन्हा आठ. हे वृत्त संथ चालतं, कुठेही उसळत नाही, स्टँडवर ताटकळणाऱ्या माणसाला शोभतं. एका मित्राने गझल लिही असं सुचवलं होतं. गझलेत न मिळालेल्या प्रेमाला मोठा मान आहे हे खरं, पण तिथला प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा असतो, मागच्या-पुढच्याचा आधार न घेता. मला तर आधी पाच-वीस आणि मग सहा-दहा असा क्रम हवा होता. वेळापत्रक उलटसुलट करून चालत नाही.

आता न पाठवलेले शब्द. या विषयावरच्या बहुतेक कविता इथे घसरतात, कारण कवी ते शब्दच कवितेत सांगून टाकतो. न दिलेलं पत्र अख्खं छापलं की ते दिल्यासारखंच झालं. पत्रात काय होतं यापेक्षा ते कशावर लिहिलं होतं आणि पुढे त्याचं काय झालं, हे सांगावं. मी तिच्यासाठी एक ओळ लिहिली होती ती महिन्याच्या पासाच्या मागे. पासाला मुदत असते, ही सोय मला कुठलीही उपमा देऊ शकली नसती.

पासामागे कोऱ्या जागी
ओळ एकदा लिहिली गेली.
महिना सरला, पास बदलला,
ती द्यायची राहून गेली.

‘मी लिहिली’ असं न म्हणता ‘लिहिली गेली’ म्हटलंय. भित्रा माणूस कर्ताच टाळतो. शेवटच्या ओळीत मात्र घोटाळा आहे आणि जाणकार वाचक तो पकडतीलच. मात्रा सोळाच आहेत, पण आठांची यती बरोबर ‘राहून’च्या ‘रा’वर येते, म्हणजे शब्दाच्या पोटात. ओळ अडखळते. यमकही लंगडं आहे, ‘गेली’ला ‘गेली’च जोडलंय. दुरुस्ती सोपी होती: ‘द्यायाची ती राहुन गेली’. आठ-आठ, चोख. पण ‘द्यायाची’ असं कोण बोलतं? आपण म्हणतो ‘द्यायची राहून गेली’. ‘द्यायला विसरलो’ यात चूक माझी, ‘देता आली नाही’ यात अडचण बाहेरची. ‘द्यायची राहिली’ यात दोष कुणाचाच नाही, आणि ती द्यायची आहे ही गोष्ट मात्र तशीच शिल्लक. त्या बोलण्यासाठी वृत्त मोडू दिलं. सगळी कविता अशी अडखळली असती तर ते अज्ञान ठरलं असतं. बाकीच्या ओळी सरळ चालल्या म्हणून ही एक ठेच ऐकू येते.

नजरेचं कडवं या दोघांच्या मधलं. ते सर्वांत उशिरा जमलं. नजर या शब्दाभोवती आपल्या गाण्यांनी इतके बाण, तलवारी आणि सुऱ्या गोळा करून ठेवल्यात की पोलिसात वर्दी द्यावी. शिवाय ‘नजरानजर झाली’ लिहिलं तर तिनेही पाहिलं असं होतं, मग एकतर्फी काय राहिलं? म्हणून दोघांच्या डोळ्यांना मी तिसरीकडेच पाठवलं:

वेळापत्रक ती बघताना
तेच तेच मी वाचत होतो.
एका ओळीवरती दोघे
एका वेळी पोचत होतो.

हे कडवं जमलं म्हणून मी खूश होतो. स्टँडच्या भिंतीवरच्या त्या रंगवलेल्या फळ्यावर दोघांची भेट, आणि तिला पत्ताही नाही. कविता भाचीला वाचायला दिली. ती अकरावीत आहे, रोज एसटीनेच जाते. तिने तिन्ही कडवी वाचली, मधल्यावर परत आली आणि म्हणाली, ‘मामा, दोघं एकाच ओळीवर एका वेळी पोचत होता, हे तुला कसं कळलं?’

मी काही बोललो नाही.

‘म्हणजे तू फळा वाचतच नव्हतास,’ ती म्हणाली.