तेलाच्या बरणीआधी साखरेचा डबा

रक्ताचा रिपोर्ट बिघडला की बहुतेक घरांत पहिला राग तेलावर निघतो. ठाण्यातल्या एका घरी संध्याकाळी ओट्यापाशी हेच चाललं होतं. नवरा सेहेचाळीस वर्षांचा, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१४, एलडीएल १२०, एचडीएल ३६ आणि ट्रायग्लिसराइड्स २९०.

"उद्यापासून फोडणी बंद," बायको म्हणाली. "सगळं वाफवलेलं खायचं."

"अगं, डॉक्टरांनी तेलाचं नंतर विचारलं. आधी चहात साखर किती, भात किती आणि दारू घेता का, हे विचारलं."

डॉक्टरांच्या प्रश्नांचा हा क्रम बरोबर होता. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी. ती १५० च्या आत असावी. २०० च्या पुढे ती जास्त धरतात. ही चरबी खाल्लेल्या तेलातुपातून येतेच, पण यकृत ती स्वतःही तयार करतं. साखर, भात, मैदा यांतून गरजेपेक्षा जास्त ऊर्जा आली की यकृत उरलेल्या भागाची चरबी करून रक्तात सोडतं. मद्यानेही हेच काम वाढतं. म्हणून तेल कमी करूनही गोड चहा आणि भाताचा डोंगर तसाच राहिला, तर हा आकडा फारसा हलत नाही.

"मग मोजूया," असं म्हणून तिने साखरेचा डबा पुढे ओढला. "अहो, तुमचे कप किती?"

"घरी दोन, ऑफिसात दोन."

कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला आठ. सपाट चमच्यात चार ते पाच ग्रॅम साखर मावते. म्हणजे नुसत्या चहातून पस्तीस-चाळीस ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते.

"गूळ घालू का मग?"

"गुळाचंही तेच, मधाचंही तेच."

दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करायचा, असं ठरलं. एकदम बंद केली तर दुपारी ऑफिसात चहाबरोबर बिस्किटं सुरू होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शनिवारची मित्रांबरोबरची बैठकही बंद, हे मात्र नवऱ्याने स्वतःच सांगितलं.

खरी चर्चा झाली ती रात्रीच्या ताटाची. चार पोळ्या, वर दोन वाट्या भात, भाजी डावभर आणि वरण पातळ, असं त्यांचं जेवण. तिने सुचवलं, "मटकी, चवळी, मूग आळीपाळीने भिजवते. उसळ मोठी वाटीभर, आधी तीच खायची. पोळ्या दोन, भात अर्धी वाटी."

"त्यापेक्षा भाकरी कर ना, ती कितीही चालते."

इथे बरीच घरं फसतात. ज्वारीची भाकरी चोथ्यामुळे चांगली, पण तीही पिष्टमयच, मोजूनच खायची. चतुर्थीच्या साबुदाण्याचंही तसंच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यामुळे उपवासाच्या दिवशी खिचडीची भरलेली ताटली खाल्ली तर उपवासाचा या आकड्याला काहीच उपयोग नाही. त्याऐवजी एक वाटी भगर आणि ताक घ्यायचं, असं तिने ठरवलं.

तेलाचा हिशेब शेवटी आला. तीन माणसांत महिन्याला चार लिटर, म्हणजे माणशी दिवसाला चव्वेचाळीस मिलिलिटर. "बरणीतून ओतायचं नाही, चमच्याने घालायचं," तो म्हणाला. आहारतज्ज्ञ साधारणपणे माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगतात. यांनी पहिल्या महिन्यात अडीच लिटर ठरवलं. पाच मिलिलिटरच्या दोन चमच्यांत तिघांची भाजी नीट फोडणीला पडते. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा तापवायचं नाही. जवसाची चटणी मात्र रोज चमचाभर, आणि आठवड्यातून दोनदा बांगडा, तोही कालवणात, तळून नाही. जवसात आणि बांगड्यात ओमेगा-३ हा उपयोगी स्निग्धांश असतो, बांगड्यातला शरीराला अधिक सहज वापरता येतो.

एवढ्याने आकडा उतरेल का? वजन जास्त असेल आणि ते पाच-दहा टक्क्यांनी घटलं, तर बहुधा चांगला उतरतो. पण रक्तातली साखर वाढलेली असेल, थायरॉइड मंदावला असेल किंवा स्टेरॉइडसारखी औषधं चालू असतील, तर मूळ कारण आधी सांभाळावं लागतं. स्वयंपाक एकटा पुरा पडत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी या नवऱ्याला एचबीएवनसी आणि टीएसएच या तपासण्याही लिहून दिल्या आहेत.

दुसरी तपासणी तीन महिन्यांनी करा. बारा तास उपाशी राहून, आधीचे दोन-तीन दिवस मद्य आणि मेजवानी टाळून रक्त द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. आणि ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील तर तीन महिने थांबू नका. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका तिथून वाढत जातो. लगेच डॉक्टरांना भेटा.